एका कपाला जिलेटिन पावडर किती? आणि पाकृत 'पाने' लिहिली असतील तर पावडरचे माप कसे काढायचे?

मीनल_थ

नमस्कार मंडळी. एक युरोपियन पाककृती करायची आहे. तिच्यात ५०० मिली फळांच्या रसाला जिलेटिनची ४ पाने सांगितली आहेत, पुढे फक्त 'गोल्ड' असा शब्द आहे. माझ्याकडे पाने नाहीत, किराणा दुकानातून आणलेली जिलेटिन पावडरची पुडी आहे. पुडीवर प्रमाण असे काहीच दिलेले नाही. नेटवर शोधले तर कोणी एका कपाला १ टीस्पून म्हणतो, कोणी १ टेबलस्पून. हे दोन्ही बरोबर कसे असेल?

जेली साच्यातून ताटलीत उलटी काढायची आहे, वाटीतच खायची नाही. शिवाय रसाऐवजी कोकम सरबत वापरायचा विचार आहे. नेमके प्रमाण कोणी सांगेल का?

पाकशास्त्री_नगर

आधी साधे प्रमाण सांगतो. कप म्हणजे मापाचा, २४० मिलीचा. घरातला चहाचा कप १२० ते १५० मिलीचा असतो, निम्मा गोंधळ तिथेच होतो. चमचा सपाट, सुरीने वरून कापलेला. सपाट टीस्पूनमध्ये जिलेटिन पावडर साधारण ३ ग्रॅम बसते.

वाटीतच खायची मऊ, थलथलीत जेली असेल तर एका कपाला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे पाऊण टीस्पूनला थोडे जास्त. लहान साच्यातून उलटी काढायची असेल तर साडेतीन ग्रॅम, म्हणजे सव्वा टीस्पूनच्या थोडे आत. उंच साचा असेल किंवा बाहेर उकाडा असेल तर साडेचार ग्रॅम, दीड टीस्पून. सुरीने चौकोनी तुकडे पाडायचे असतील तर ६ ग्रॅम, दोन टीस्पून. एका कपाला टेबलस्पूनभर म्हणजे ९ ग्रॅम घातले तर ती जेली चमच्याने कापत नाही, चावावी लागते.

टेबलस्पूनचा गोंधळ अमेरिकन पुड्यांमुळे झाला आहे. तिकडची एक पुडी ७ ग्रॅमची असते. ती टेबलस्पूनपेक्षा कमी भरते, पण जुन्या पाकृंमध्ये सर्रास 'एक पुडी म्हणजे एक टेबलस्पून' असे लिहिलेले असते. ती पुडी दोन कपांसाठी आहे, एका कपासाठी नाही. पाकृ उतरवताना 'दोन कपांना' हे शब्द गळतात आणि प्रमाण दुप्पट होते.

हे सगळे आकडे २२५ ब्लूमच्या आसपासच्या चांगल्या पावडरचे आहेत. तुमच्या पुडीवर ब्लूम लिहिलेला आहे का?

मीनल_थ

नाही. घटकांमध्ये 'जिलेटिन' एवढेच आहे, पुढे तपकिरी त्रिकोण. बाकी पॅकिंगची तारीख आणि वजन.

स्वाती_डोंबिवली

ताई, चायना ग्रास वापरा ना! उपासालाही चालते, शाकाहारी, आणि फ्रिजबाहेरसुद्धा वितळत नाही. दुधाची करताना अर्धा लिटरला १० ग्रॅम तुकडे घेतले की सुरेख वड्या पडतात. उकळी काढायची, गाळायचे, झाले.

केळफूल

स्वातीताई, धागा जिलेटिनचा आहे. चायना ग्रास उकळावे लागते, जिलेटिन उकळायचे नसते. एक कडक होऊन कचकन तुटते, दुसरे तोंडात विरघळते. ४ पानांच्या जागी चायना ग्रास किती, याचे सरळ उत्तर निघतच नाही, कारण जेलीचा पोतच वेगळा होतो. ज्यांना मांसाहारी पदार्थ चालत नाहीत त्यांच्यासाठी तुमचा सल्ला योग्य आहे, पण त्यांनी पाकृही चायना ग्रासचीच घ्यावी.

आता मूळ प्रश्न. माझ्या अनुभवाने १ पान = १ टीस्पून पावडर. सोपे गणित. ४ पाने म्हणजे ४ टीस्पून. ग्रेडची भानगड बघायची गरज नाही. पान ब्रॉन्झ असो की प्लॅटिनम, एक पान तेवढेच काम करते.

पाकशास्त्री_नगर

केळफूल, तुमच्या म्हणण्याचा दुसरा भाग बराचसा बरोबर आहे, पहिला नाही.

पानांच्या ग्रेडमध्ये ताकद वाढत जाते तसे वजन कमी होत जाते. ब्रॉन्झचे पान साधारण ३.३ ग्रॅमचे, सिल्व्हरचे अडीच, गोल्डचे २ आणि प्लॅटिनमचे १.७ ग्रॅमचे. कारखानदारांनी हे मुद्दामच असे ठेवले आहे. त्यामुळे सिल्व्हरची ४ पाने काढून गोल्डची ४ घातली तरी जेली जवळपास तशीच होते. म्हणून पानाऐवजी पान घेताना पाने मोजायची, वजन करायचे नाही.

पण पावडरकडे वळताना ही सोय राहत नाही. पावडरला 'पान' नाही, तिथे ग्रॅमच लागतात, आणि ग्रॅममध्ये उतरलो की ताकद विचारात घ्यावीच लागते. ४ टीस्पून म्हणजे १२ ग्रॅम. २२५ ब्लूमची पावडर असेल तर ५०० मिलीला १२ ग्रॅम म्हणजे रबर.

ब्लूम म्हणजे जेलीचा घट्टपणा मोजायचा आकडा. ऑस्कर ब्लूम यांनी १९२५ मध्ये त्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. ६.६७ टक्के जिलेटिनचे द्रावण १० अंशांवर सतरा तास ठेवायचे आणि अर्ध्या इंचाचा दांडा जेलीत ४ मिलिमीटर खाली दाबायला किती ग्रॅम वजन लागते ते बघायचे. जितके जास्त वजन, तितके जिलेटिन ताकदीचे. ब्रॉन्झ १२५ ते १५५, सिल्व्हर १६०, गोल्ड १९० ते २२०, प्लॅटिनम २३५ ते २६५.

अभियंता_ठाणे

मग सूत्र सोपे आहे.

```
पावडर (ग्रॅम) = पानांचे वजन × √(पानांचा ब्लूम ÷ पावडरचा ब्लूम)
```

गोल्डची ४ पाने = ८ ग्रॅम, ब्लूम २०० धरू. पावडर २२५ ची असेल तर ८ × √(२०० ÷ २२५) = ७.५ ग्रॅम, म्हणजे अडीच टीस्पून. पावडर १५० ची असेल तर ८ × √(२०० ÷ १५०) = ९.२ ग्रॅम, तीन टीस्पूनच्या किंचित वर.

पाकशास्त्री_नगर

वर्गमुळाचे सूत्र बऱ्याच व्यावसायिक पुस्तकांत असते, पण सगळे ते मानत नाहीत. काही शेफ वर्गमूळ न घेता सरळ भागाकार करतात. २२५ च्या पावडरला त्याने फारसे बिघडत नाही, ७.५ ऐवजी ७.१ येते. पण १५० च्या पावडरला ९.२ आणि १०.७ असा दीड ग्रॅमचा फरक पडतो. तो जिभेला कळतो. ब्लूममध्ये अंतर थोडे असेल तोवर कुठलेही सूत्र चालते, अंतर मोठे असले की दोन्ही फक्त अंदाज देतात.

अभियंता_ठाणे

वर्गमूळच बरोबर आहे. घट्टपणा साधारण जिलेटिनच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो. प्रमाण दुप्पट केले तर घट्टपणा चौपट होतो. म्हणून उलट बाजूने वर्गमूळ. सरळ भागाकार करणारे हे विसरतात.

पाकशास्त्री_नगर

तो नियम ब्लूम मोजतात त्या सहा-सात टक्क्यांच्या आसपास ठीक बसतो. आपली जेली दीड-दोन टक्क्यांची. इतक्या पातळ द्रावणात हलके जिलेटिन नीट जाळे बांधू शकत नाही आणि वर्गमुळाने काढलेले प्रमाण कमी पडते, असे मला हाताखालच्या कामात दिसते. माझा कल दोन आकड्यांच्या मधे राहण्याकडे असतो. यावर एकमत होईल असे वाटत नाही.

श्रीरंग_म्युनिक

इकडचे सांगतो. जर्मनीत सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या पानांचा हिशेब ६ पाने ५०० मिलीला असा असतो, आणि पावडरची ९ ग्रॅमची एक पुडी म्हणजे ६ पाने. म्हणजे पानाला दीड ग्रॅम पावडर. तर मीनलताई, तुमच्या ४ पानांना ६ ग्रॅम.

केळफूल

श्रीरंगदादा, तुमची ६ पाने ५०० मिलीला आणि पाकृतली ४ पाने ५०० मिलीला. मग दोघांचे पान सारखे कसे?

पाकशास्त्री_नगर

नेमका प्रश्न. श्रीरंग यांचा आकडा खरा आहे, पण तो त्यांच्याकडच्या पानांचा आणि त्यांच्याकडच्या पुडीचा आहे. ती पावडर ताकदीची असते. ब्रिटिश पाकृंत बहुतेक ४ पाने एका पाइंटला म्हणजे ५६८ मिलीला असतात, अमेरिकन पाकृंत ७ ग्रॅमची पुडी म्हणजे ४ पाने धरतात. देशागणिक हिशेब वेगळा आहे, कारण जेली किती घट्ट हवी याची सवयही वेगळी आहे. जर्मन हिशेबात उलटी काढता येईल अशी जेली धरलेली असते, ब्रिटिश हिशेबात जरा नाजूक.

म्हणून पाकृत पाने दिसली की आधी पाकृ कुठली आहे आणि ग्रेड लिहिली आहे का ते पाहायचे. मीनलताईंच्या पाकृत गोल्ड लिहिले आहे हे चांगले झाले.

गृहिणी_नाशिक

एक पायरी सगळ्यांच्या नजरेतून सुटते आहे. पावडर भिजवायला पाणी लागते. ८ ग्रॅम पावडरला पाचपट म्हणजे ४० मिली. ते पाणी पाकृत नाही. म्हणून रस ५०० ऐवजी ४६० मिलीच घ्यायचा, नाहीतर जेली पातळ होईल.

पाकशास्त्री_नगर

इथे वजा करायचे नाही.

पान कोरडे टाकत नाहीत. ते गार पाण्यात भिजवून पिळून घेतात, आणि पिळले तरी वजनाच्या जवळपास पाचपट पाणी त्याच्या अंगात राहते. गोल्डची ४ कोरडी पाने ८ ग्रॅम, पिळलेली तोलून बघा, ४८ ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे पाकृ लिहिणाऱ्याने ५०० मिली रस लिहिला, पण त्याच्या पातेल्यात ४० मिली पाणी पानांसोबत गेलेच होते. तुम्ही पावडर पाचपट पाण्यात भिजवून सगळे ओतले की बरोबर तेच मिश्रण तयार होते.

पाकृ मुळात पावडरची असेल आणि तिच्यात 'पैकी पाव कप द्रव गार ठेवून त्यात जिलेटिन भिजवा' असे असेल, तर ते पाणी एकूण द्रवातलेच असते. तिथे जास्तीचे पाणी घालायचे नाही. गृहिणीताईंचा नियम त्या पाकृंना लागू होतो.

गृहिणी_नाशिक

हे पटले. पान पिळल्यावर आत पाणी राहते हे लक्षात घेतले नव्हते. पण मग कोणी पाने घट्ट पिळेल, कोणी सैल, त्याने फरक पडणार नाही का?

पाकशास्त्री_नगर

थोडा पडतो. पानांच्या बाबतीत त्याहून मोठी गडबड वेगळीच आहे, आणि ती आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास होते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी एप्रिल-मे मध्ये दुपारी कोमट नव्हे, जवळपास गरम येते. त्यात पान भिजवले तर ते फुगण्याऐवजी विरघळू लागते. पान उचलायला गेले की ते अखंड येत नाही, शेंबडासारखे बोटांतून निसटते. भांड्यातल्या पाण्यात बोट फिरवले की ते बुळबुळीत लागते. तेवढे जिलेटिन पाण्यात गेले, ते मोरीत ओतले जाते आणि जेली सेट होत नाही. पाने नेहमी फ्रिजच्या पाण्यात, दोन बर्फाचे खडे टाकून, पाच ते दहा मिनिटे भिजवायची. पावडरचे तसे नसते, तिचे पाणी फेकले जात नाही, त्यामुळे काही वाया जात नाही.

मीनल_थ

छान माहिती मिळते आहे. पण माझी अडचण तशीच आहे. पुडीवर ब्लूमच नाही, मग सूत्रात काय घालू? आणि तुलना करायला माझ्याकडे एकही पान नाही.

पाकशास्त्री_नगर

मग सूत्र बाजूला ठेवा. ब्लूम न कळताही योग्य प्रमाण काढता येते. एक संध्याकाळ आणि चार सारख्या वाट्या लागतील. साधा स्वयंपाकघरातला काटा पुरतो, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा.

१० ग्रॅम पावडर ५० ग्रॅम गार पाण्यावर भुरभुरवा, एकदम ओतू नका. दहा मिनिटांत ती फुगून ओल्या वाळूसारखी दिसते. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ती पारदर्शक होईपर्यंत वितळवा. आता तुमच्याकडे ६० ग्रॅम द्रावण आहे, आणि त्याच्या दर ६ ग्रॅममध्ये १ ग्रॅम पावडर आहे. अर्धा ग्रॅम पावडर घरच्या काट्यावर नीट मोजता येत नाही, ३ ग्रॅम द्रावण मोजता येते.

पहिल्या वाटीत ६ ग्रॅम द्रावण, दुसरीत ९, तिसरीत १२, चौथीत १५. प्रत्येकीत कोमट सरबत घालून वजन १०० ग्रॅम करा आणि ढवळा. झाली १, दीड, दोन आणि अडीच टक्के पावडरची जेली. झाकून फ्रिजमध्ये एकाच खणात रात्रभर ठेवा. चार तासांत सेट झालेली दिसेल, पण ती सकाळपर्यंत घट्ट होतच राहते, म्हणून चार तासांनी ठरवू नका. सकाळी चारही वाट्या उलट्या करून बघा. तुम्हाला हवी तशी जी उभी राहील, ते तुमच्या पुडीचे प्रमाण.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चाचणी साध्या पाण्यात करू नका, जे सरबत वापरणार त्यातच करा. कोकम आंबट असते आणि आंबटपणा जिलेटिनची पकड सैल करतो. पाण्यातला आकडा कोकमला लागू पडणार नाही.

मालवणी_माणूस

कोकमचा विषय निघाला म्हणून. कोकमचे दोन प्रकार असतात हे ताईंना ठाऊक असेलच. साखर घातलेले सरबताचे अमृत कोकम वेगळे आणि मीठ घातलेले आगळ वेगळे. जेलीला आगळ घेऊ नका. एक तर खारट, आणि त्यातले मीठही जेली मऊ करते. अमृत कोकम पातळ करून घ्या. आमसुले भिजवून काढलेले पाणीही चालेल, पण ते जास्त आंबट होते, तिथे जिलेटिन वाढवावे लागेल.

दुसरे म्हणजे सरबत आणि जिलेटिन एकत्र उकळायचे नाही. आंबट द्रवात जिलेटिन शिजवले की ते तुटते. सरबत वेगळे तयार, जिलेटिन वेगळे वितळवलेले, शेवटी एकत्र.

पाकशास्त्री_नगर

दोन्ही मुद्दे अगदी बरोबर. आंबट सरबताला साध्या प्रमाणापेक्षा पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक जिलेटिन लागेल असे धरून चालावे.

अननस_प्रेमी

माझी जेली दोन वेळा फसली. ताजा अननस घातला होता, वर जिलेटिन दुप्पट केले तरी पाणीच राहिले. पुडी खराब असेल का?

केळफूल

पुडी नाही, अननस. कच्च्या अननसातले पाचक द्रव्य जिलेटिनच खाऊन टाकते. पपई, किवी, अंजीर आणि आले यांतही तसेच असते. तिप्पट घातले तरी उपयोग नाही. अननस तुकडे करून पाच मिनिटे उकळून घ्या, मग थंड करून वापरा. डब्यातला अननस आधीच शिजवलेला असतो, तो तसाच चालतो.

नवशिक्या_सांगली

माझ्याकडे वेगळाच प्रकार होतो. वर सगळे पातळ आणि तळाशी रबरासारखा जाड थर, मधे दोऱ्यांसारखे काहीतरी. प्रमाण मोजूनच घेते.

पाकशास्त्री_नगर

तुमचे प्रमाण ठीक असेल, द्रव फ्रिजमधला असणार. वितळलेले जिलेटिन बर्फगार रसात ओतले की पडल्या जागीच गोठते, त्याचेच दोरे दिसतात. ते खाली बसतात आणि वरच्या रसात जिलेटिन उरतच नाही. रस खोलीच्या तापमानाला आणा. त्यातला पाव कप कोमट करून वितळलेल्या जिलेटिनमध्ये मिसळा आणि मग ते सगळे उरलेल्या रसात ढवळत ओता. बिघडलेली जेलीही वाया जात नाही. ती सगळी मंद आचेवर वितळवा, हाताला सोसेल इतकीच गरम, गाळा आणि परत साच्यात ओता.

गुठळ्या होण्याचे कारण याच्या उलट असते. कोरडी पावडर गरम द्रवात टाकली की कणांवर बाहेरून चिकट आवरण बसते आणि आतली पावडर कोरडीच राहते. म्हणून आधी गार पाण्यात भिजवायची पायरी टाळायची नाही.

मीनल_थ

चाचणी केली. अमृत कोकम, एकास चार पाणी. सकाळी वाट्या उलट्या केल्या. एक टक्क्याची ताटलीभर पसरली. दीड टक्क्याची निघाली पण खाली बसकट झाली, कडेला चीर पडली. दोन टक्क्यांची सरळ उभी राहिली, ताटली हलवली की नुसती डुलते. अडीचची घट्ट, चमचा दाबून घालावा लागतो. मला दोनची आवडली.

पाकशास्त्री_नगर

उत्तम. मग आता ५०० मिली सरबताचा हिशेब. ११ ग्रॅम पावडर, ५५ मिली गार पाण्यात भिजवलेली. सरबत ५०० मिलीच ठेवा, वजा काही नाही. एकूण मिश्रण ५६६ ग्रॅमच्या आसपास होते, त्यात ११ ग्रॅम म्हणजे दोन टक्क्यांच्या हातावर. काटा नसेल तेव्हा ३ टीस्पून सपाट आणि वर अर्ध्याहून थोडे अधिक.

म्हणजे पाकृतल्या गोल्डच्या एका पानाला तुमच्या पुडीची पावणेतीन ग्रॅम पावडर पडली, कोकमचा आंबटपणा धरून. हा आकडा पुडीवर पेनने लिहून ठेवा. दुसऱ्या कंपनीची पुडी आणली किंवा कोकमऐवजी संत्रे घेतले तर तो बदलेल.

उंच साचा असेल तर आणखी एखादा ग्रॅम घाला. वाटीत उभी राहिलेली जेली उंच साच्यात स्वतःच्या वजनाने खाली दबते.

गृहिणी_नाशिक

साच्यातून काढताना साचा गरम पाण्यात धरायचा का? माझा वरचा थर नेहमी वितळतो.

केळफूल

गरम नाही, कोमट. पाच ते दहा सेकंद, साच्याच्या काठापर्यंत. ताटली आधी फ्रिजमध्ये गार केलेली आणि किंचित ओली ठेवा, म्हणजे जेली वाकडी पडली तर सरकवून मधोमध आणता येते. स्टीलचा साचा पटकन तापतो, त्याला पाच सेकंदच पुरतात. काचेला थोडा जास्त वेळ लागतो.

मीनल_थ

शेवटचा प्रश्न. पाहुणे दुपारी येणार आहेत. पुण्यात सध्या ३८ अंश आहे, घरात ३२-३३. ताटलीत किती वेळ टिकेल? जिलेटिन आणखी वाढवू का?

पाकशास्त्री_नगर

वाढवून फार उपयोग होत नाही. जिलेटिनची जेली ३० अंशांच्या पुढे वितळायला लागते. प्रमाण वाढवले तर हे तापमान थोडेच वर जाते, जेली मात्र चिवट होते. गार ताटलीत, पंख्याखाली न ठेवता, दहा-पंधरा मिनिटे नीट उभी राहील. तोवर कडेला पाणी सुटायला लागते. जेवण संपल्यावरच फ्रिजमधून काढा.

स्वाती_डोंबिवली

म्हणूनच म्हणत होते! जिलेटिनमध्ये थोडे चायना ग्रास मिसळले तर? उन्हातही उभी राहील.

मालवणी_माणूस

कोकमसारख्या आंबट द्रवात चायना ग्रास उकळले तर तेही सैल पडते. उकळायचे असेल तर आधी पाण्यात उकळून मग सरबत घालावे लागेल. आणि तोंडात विरघळण्याची मजा जाते ती जातेच.

पाकशास्त्री_नगर

मिश्रण करणारे करतात. दोन्हींचे प्रमाण एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे ते वाट्यांची तशीच चाचणी करून काढावे लागेल. चायना ग्रास वेगळे पाण्यात उकळून, ते ६० अंशांच्या आसपास आल्यावर वितळलेले जिलेटिन घालायचे, आणि सरबत कोमट असायलाच हवे, कारण चायना ग्रास ४० अंशांच्या खाली आले की तिथेच गोठते. स्वातीताई, तुम्ही करून बघणार असाल तर चायना ग्रास पाव टक्क्यापासून सुरू करा आणि कोणती वाटी उभी राहिली ते इथे लिहा.